नाळे बा : रात्री अभ्यास मिटवून झोपायचं कसं

कर्नाटकात गावोगावी एक गोष्ट सांगतात. रात्री एक बाई दारावर थाप मारते, घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, आणि जो दार उघडतो त्याचं काही खरं नाही. म्हणून लोकांनी दारावर कन्नडमध्ये लिहून ठेवलं, ‘नाळे बा’. म्हणजे उद्या ये. ती वाचते आणि परत जाते. दुसऱ्या रात्री येते, पुन्हा तेच वाचते, पुन्हा परत जाते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांतही ‘नाळे बा’ कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अभ्यास करणाऱ्याच्या डोक्यात रात्री साडेदहानंतर हाच प्रकार चालतो. दिवा मालवला की अर्धवट सुटलेलं गणित येतं, त्यामागून न पाठ झालेलं समीकरण येतं, त्यामागून ‘उत्पन्नाचा दाखला काढायचा राहिला’ येतं. आवाज आपलाच असतो, त्यामुळे आपण दार उघडतो. मग पाऊण तास अंथरुणात पडून गणित सोडवतो. ते सुटत नाही आणि झोपही जाते. दारावर काय लिहिलं म्हणजे हे विचार सकाळपर्यंत परत जातात, ते या लेखात सांगायचं आहे. पाटी कुठलीही चालत नाही. तिचा मजकूर नेमका असावा लागतो.

डोकं सोडत का नाही

1920 च्या दशकात बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेने लोकांना छोटी छोटी कामं दिली. काही पूर्ण करू दिली, काही मध्येच थांबवली. नंतर कुठली कामं आठवतात असं विचारलं, तर अर्धवट राहिलेली जास्त आठवली. हा प्रयोग फार गाजला. पुढे अनेकांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा सगळ्यांना तसाच निकाल मिळाला नाही, त्यामुळे ‘अर्धवट काम जास्त आठवतं’ हे जपूनच म्हणावं. त्याच प्रयोगशाळेतल्या मारिया ओव्सियांकिना यांनी दाखवलेली गोष्ट मात्र जास्त टिकली: सोडलेलं काम समोर असलं की माणूस ते कुणी न सांगता पुन्हा हातात घेतो. अंथरुणात आपण हेच करत असतो, फक्त हातात वही नसते.

आपल्या कामाचा शोध त्यानंतर लागला. 2011 मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग मांडले. ज्यांच्या मनात एखादं अपुरं काम जागं केलं होतं त्यांचं पुढच्या वाचनात लक्ष लागेना, मधेमधे तेच काम डोकावायचं. पण ज्यांना त्या कामाची नेमकी योजना करू दिली, म्हणजे कधी, कुठे, कसं, त्यांचा हा त्रास गेला. काम तर कुणीच पूर्ण केलं नव्हतं. डोक्याला काम संपलेलंच हवं असतं असं नाही, त्याला एवढंच हवं असतं की हे काम कुठे तरी नीट नोंदलेलं आहे आणि त्याची वेळ ठरली आहे.

झोपेवरचा सरळ प्रयोग 2018 चा, अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचा. 57 निरोगी तरुण, झोपेच्या प्रयोगशाळेत एक रात्र. निम्म्यांनी झोपण्याआधी 5 मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी आधी करून झालेल्या कामांची. करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी सुमारे 9 मिनिटं लवकर झोप लागली. आणि त्यांच्यात ज्याची यादी जास्त बारकाईने लिहिलेली, त्याला आणखी लवकर. झालेल्या कामांच्या यादीत कल याच्या उलटा दिसला. एकाच रात्रीचा आणि लहान प्रयोग आहे, फार ताणू नये. पण रात्री डायरीत ‘आज काय काय केलं’ लिहून समाधान शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ती डायरी लिहायचीच असेल तर संध्याकाळी लिहावी.

शिल्लक पुढे ओढणे

रविवार पेठेतला व्यापारी रात्री शटर ओढण्याआधी रोजमेळ लिहितो. सगळी उधारी वसूल झाल्याशिवाय घरी जायचं नाही असं त्याने ठरवलं तर तो दुकानातच म्हातारा होईल. तो जमा-खर्च मांडतो, शिल्लक काढतो आणि दुसऱ्या दिवसाच्या पानावर ओढतो. अभ्यासाचंही तसंच करायचं आहे, आणि त्यात सगळं महत्त्व शिल्लकेची ओळ कशी लिहिली याला आहे. म्हणून आधी ती ओळ बघू, बाकीच्या पायऱ्या नंतर.

उदाहरणासाठी सेकंड पीयूसी सायन्सची एक विद्यार्थिनी धरू. खानापूर तालुक्यातल्या गावातून रोज बेळगावला कॉलेजला येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. संध्याकाळी साडेसहाला घरी, सात ते पावणेदहा अभ्यास. आज रात्री तिच्यापुढे चार गोष्टी उरल्या आहेत. किरचॉफच्या नियमावरचं एक गणित अडलं आहे. नर्न्स्टचं समीकरण वाचलं, पण न बघता लिहून पाहिलेलं नाही. बाय पार्ट्सच्या इंटिग्रेशनची 24 पैकी 14 गणितं झाली. आणि सीईटीच्या अर्जासाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर लागतो, तो दाखला अजून नाडकचेरीतून आणलेला नाही.

बहुतेक मुलं यादी अशी लिहितात: ‘फिजिक्स – करंट इलेक्ट्रिसिटी. केमिस्ट्री – वाचणे. मॅथ्स पूर्ण करणे. दाखला.’ ही यादी लिहून झोप लागत नाही, आणि मग लोक म्हणतात, लिहून काही होत नाही. होणार कसं? ‘करंट इलेक्ट्रिसिटी’ हे काम नाही, धड्याचं नाव आहे. त्यातलं काय उरलं हे अजून फक्त डोक्यालाच माहीत आहे, म्हणून डोकं ते धरून बसतं.

त्याच चार गोष्टी अशा लिहिल्या तर बघा:

‘किरचॉफ. रफ वही पान 47, गणित 6. दुसऱ्या लूपमध्ये 4 ओहमच्या रोधातला प्रवाह ऋण येतोय. उद्या सकाळी 6:10 ला. आधी आकृतीवर दोन्ही लूपच्या दिशा लाल पेनने काढायच्या, मग फक्त चिन्हं तपासायची. गणित पहिल्यापासून करायचं नाही. 15 मिनिटांत नाही जमलं तर वही सरांकडे.’

‘नर्न्स्ट. बसमध्ये, खिडकीची जागा मिळो न मिळो. पुस्तक न उघडता एकदा तळहाताएवढ्या कागदावर लिहायचं, मग ताडून बघायचं. 5 मिनिटं.’

‘बाय पार्ट्स, गणित 15 पासून. उद्या रात्री 8 वाजता, पहिली पाच.’

‘दाखला. बाबांना उद्या सकाळी चहाच्या वेळी विचारायचं: सोमवारी नाडकचेरीत जाता येईल का? नाही म्हणाले तर काकांना फोन.’

पहिल्या ओळीत चार गोष्टी आहेत. कुठे थांबलं, कुठल्या वेळी उचलायचं, उचलल्यावर हाताने करायची पहिली गोष्ट कुठली, आणि अडलंच तर कुणाकडे. शेवटची गोष्ट लोक गाळतात, आणि तिथेच रात्री विचार शिरतो: ‘सकाळीही नाही सुटलं तर?’ तो प्रश्न कागदावर आधीच मिटलेला असला की त्याला दार वाजवायला कारण उरत नाही.

पहिली गोष्ट हाताने करायची असावी हेही जपायचं. ‘समजून घेणे’ हाताने करता येत नाही, ‘लाल पेनने दिशा काढणे’ करता येते. (जाता जाता: किरचॉफच्या गणितात प्रवाह ऋण आला म्हणजे बहुतेक वेळा चूक झालेलीच नसते. आपण धरलेली दिशा खऱ्या दिशेच्या उलटी होती, एवढाच त्याचा अर्थ. हे सकाळी सहाला दोन मिनिटांत दिसतं. रात्री दहाला, तीन तास बसून झाल्यावर, त्यासाठी पानभर खाडाखोड होते.)

चारही ओळी अशा लांब लिहायला हव्यात असं नाही. टोचणाऱ्या दोन-तीन गोष्टींना पूर्ण ओळ द्यावी, बाकीच्यांना नुसता वार. बाय पार्ट्सची गणितं कुणाची झोप उडवत नाहीत, तिथे ‘15 पासून, उद्या 8’ पुरे. कुठली टोचते हे ओळखायला सोपी खूण आहे: जी लिहिताना पेन थांबतं, ‘जाऊ दे, हे तर लक्षातच आहे’ असं वाटतं, ती.

पंचवीस मिनिटांचा क्रम

पावणेदहाला संपवायचं तर 9:20 ला नवीन काही उघडायचं बंद. शेवटच्या तासात अवघड गणित घेऊच नये. अवघड काम संध्याकाळी सातला, आणि शेवटी उत्तरं ताडणं, व्याख्या उतरवणं, आकृतीला नावं देणं असलं सपाट काम. धावत असलेल्या बैलगाडीतून उडी मारायची नसते. आधी ती हळू करायची.

9:20 ते 9:30 हातातलं काम एखाद्या ठिकाणी आणून थांबवायचं. गणित मध्येच सोडावं लागलं तर जिथे सोडलं तिथे समासात बाण काढून पुढची पायरी शब्दांत लिहून ठेवायची, ‘आता इथे यूची किंमत घालायची’ अशी. सकाळी पुन्हा डोकं लावावं लागत नाही.

9:30 ते 9:34 झाडझूड. दिवसभरात गोष्टी विखुरलेल्या असतात: वहीच्या शेवटच्या पानावर, तळहातावर, फोनमध्ये काढलेल्या फळ्याच्या फोटोत, वर्गाच्या ग्रुपवर सरांनी टाकलेल्या सूचनेत. सगळं एका पानावर गोळा करायचं. इथे फक्त गोळा करायचं, सोडवायचं काही नाही. फळ्याचा फोटो उघडला आणि तो उतरवून घ्यायला बसलात तर झालं, दहा वाजून गेले. पानावर ‘फोटो उतरवणे, 2 आहेत’ एवढंच लिहायचं.

इकडच्या मुलांसाठी या झाडझुडीत एक जादा कप्पा लागतो, शब्दांचा. मराठी माध्यमातून इंग्रजीत गेलेल्याच्या डोक्यात रात्री धडे येत नाहीत, सुटे शब्द येतात. रोध म्हणजे रेझिस्टन्स, मग रोधकता म्हणजे काय? विभवांतर आणि व्होल्टेज एकच का? नोकरीच्या परीक्षेसाठी कन्नडचा पेपर देणाऱ्यांचंही हेच, एखादा जोडाक्षरी शब्द वाचता आला नाही तर तोच फिरत राहतो. असा शब्द त्या वेळी शोधायला जाऊ नये. पानाच्या उजव्या कडेला एक पट्टी आखून तिथे टाकावा आणि शोधायची वेळ एकच ठरवावी, समजा रविवारी सकाळी अर्धा तास. दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त शब्द साठत असतील तर मात्र ती रात्रीची अडचण राहत नाही. तो धडा एकदा मराठी पुस्तक शेजारी घेऊन वाचायला हवा.

9:34 ते 9:42 शिल्लकेच्या ओळी, वर सांगितल्या तशा. त्यानंतर दोन मिनिटं येत्या दोन दिवसांकडे नजर: परवा टेस्ट आहे का, उद्या प्रॅक्टिकलची वही लागते का, सकाळची बस कितीची. हे न बघता झोपलं तर डोकं रात्रभर स्वतःच पहारा देतं, काही विसरलो तर नाही ना.

मग टेबल. सगळ्यांकडे टेबल असतं असं नाही. भिंतीकडेला सतरंजी असेल तर ती. सकाळी लागणारी वही वर, पान 47 मध्ये लाल पेन घालून मिटलेली. बाकीचं कपाटात किंवा दप्तरात. जिथे झोपायचं तिथेच अभ्यास होत असेल तर पुस्तकांवर चादर किंवा टॉवेल टाकावा. हास्यास्पद वाटेल, पण समोर दिसणारं काम हात ओढून घेतं हे वर आलंच आहे. नजरेआड केलं की निम्मं काम होतं.

आणि शेवटी एक वाक्य, मोठ्याने. ‘नाळे बा’ म्हणा, ‘आजचा मेळ बसला’ म्हणा, काहीही चालेल, पण रोज तेच. या शब्दांत जादू काही नाही. उपयोग नंतर होतो. अकरा वाजता विचार आला की त्याच्याशी वाद घालायचा नाही, ‘हे पानावर लिहिलंय का? लिहिलंय. मी वाक्य म्हटलं होतं का? म्हटलं होतं.’ एवढं विचारून संपतं. म्हणून ओळी पूर्ण न लिहिता वाक्य म्हणायचं नाही, नाहीतर त्या वाक्याला किंमत राहत नाही.

मिटवल्यानंतरचा तास

दुकान बंद केलं म्हणजे माणूस लगेच झोपतो असं नाही. मिटवणं आणि अंथरूण यांच्यात निदान 40 ते 60 मिनिटं हवीत. डोकं थंड व्हायला तेवढा वेळ लागतो. भांडी विसळणं, उद्याच्या डब्याची भाजी निवडणं, गणवेशाला इस्त्री, आजीचे पाय चेपणं अशी हाताची कामं इथे उत्तम. फोन वाईट का, तर उजेडापेक्षाही त्यावर नवीन शिल्लक येते म्हणून. 10:40 ला ग्रुपवर कुणी विचारतं, ‘सहाव्या गणिताचं उत्तर 2 अँपिअर आलं का कुणाला?’ आणि मिटवलेली वही उघडते. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, नसेल दुसरी खोली तर स्वयंपाकघराच्या फळीवर. गजर लागतो म्हणून उशाशी हवाच असेल तर साधं गजराचं घड्याळ घ्यावं.

घरच्यांना एक गोष्ट सांगून ठेवायची. मिटवल्यावर ‘किती झालं गं आज?’ विचारू नका, विचारायचं तर नऊच्या आधी विचारा. आई प्रेमाने विचारते, पण त्या प्रश्नाने सगळा हिशेब पुन्हा उघडतो. ‘झोप की आता, किती वाचशील?’ म्हणणारी आजी जास्त उपयोगी.

चहाकॉफीचं थोडक्यात: कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात. सातला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं रात्री बारालाही अंगात असतं. क्रम कितीही नीट पाळला तरी हे आड येतं. शेवटचा कप चार-पाचच्या आत.

बिघडतं कुठे

सगळ्यात मोठा बिघाड रात्री होतच नाही, सकाळी होतो. 6:10 ला पान उघडलंच नाही, फोन उघडला. असं दोन-तीन दिवस झालं की डोकं पाटीवर विश्वास ठेवणं बंद करतं. गोष्टीतली बाई रोज फसते, डोकं नाही फसत. म्हणून सकाळी आधी पान, मग बाकी सगळं. आणि लिहिलेलं जमलं नाही तरी त्या ओळीपुढे नवी वेळ टाकायची, ओळ तशीच लटकत सोडायची नाही. एकच ओळ चार दिवस पुढे ओढली जात असेल तर ती फार मोठी आहे किंवा ती करायची इच्छाच नाही. दोन्ही वेळा तिचे तुकडे करावेत.

दुसरा बिघाड यादी फुगण्याचा. राहिलेला सगळा सिलॅबस पानावर उतरवला की ती शिल्लक राहत नाही, आरोपपत्र होतं. रोजच्या पानावर आठ-दहा ओळींच्या वर जाऊ नये. बाकी सिलॅबस भिंतीवरच्या तक्त्यात असावा आणि तो रात्री बघू नये.

तिसरा, ‘एवढं एक गणित झालं की उठते’. गणित सुटलं तर अंगात तरतरी येते, नाही सुटलं तर टोचणी. दोन्हींत झोप लांबते. थांबायची वेळ घड्याळाने ठरवावी, गणिताने नाही. रात्री अकरापर्यंत उघड्या असणाऱ्या अभ्यासिकेत नोकरीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हे जास्त लागू आहे. शाळा-कॉलेजची घंटा त्यांना नाही, आणि ‘शेजारचा अजून बसलाय’ हे कारण रोज मिळतं. अभ्यासिकेतच, उठण्याआधी पाच मिनिटं ओळी लिहून मगच दप्तर भरावं. घरी जाऊन लिहू म्हटलं की लिहिलं जात नाही.

पावसात लाईट गेली, पाहुणे आले, बस चुकून घरी यायला नऊ झाले, तर सगळा क्रम होणार नाही. तेव्हा तीन मिनिटांचा छोटा मेळ: सगळ्यात जास्त टोचणारी एकच गोष्ट, तिची पूर्ण ओळ, आणि ठरलेलं वाक्य. पूर्ण जमत नाही म्हणून अजिबात न करण्यापेक्षा हे बरं.

अंथरुणात तरीही काही आलंच तर उशाशी एक कागद आणि पेन्सिल असू द्यावी. दिवा न लावता तीन शब्द खरडायचे, ‘प्रॅक्टिकल वही सही’ असे. अंदाजे वीस मिनिटं झाली आणि झोप नाही असं वाटलं तर उठून मंद उजेडात दुसरीकडे बसावं, आणि डोळे जड झाले की परत यावं. रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडलेला हा उपाय आजही झोपेचे डॉक्टर देतात. अंथरुणाला जागं राहण्याची सवय लागू नये, हा त्यामागचा हेतू. घड्याळ मात्र बघू नये. ‘बारा वाजले, म्हणजे पाचच तास’ हा हिशेब स्वतःच एक नवीन गणित आहे.

उपयोग होतोय का, हे ओळखायला कॅलेंडरच्या चौकोनात रोज सकाळी दोन आकडे लिहावेत: झोप लागायला अंदाजे किती मिनिटं गेली, आणि अभ्यासाचा विचार किती वेळा आला. 14 दिवसांनी बघावं. पहिले तीन-चार दिवस बहुधा फरक दिसत नाही. आधी दुसरा आकडा कमी होतो, मग पहिला. दुसरा कमी झाला आणि पहिला तसाच राहिला तर दोष ओळींत नाही. चहा, फोन किंवा दुपारची लांब झोप तपासावी.

हे कुठे चालत नाही

अपुरं काम आणि काळजी यांत फरक आहे. ‘गणित 6 अडलंय’ याला पहिली पायरी असते. ‘सीट नाही मिळाली तर घरचे काय म्हणतील’ याला नसते, त्यामुळे त्याची ओळ लिहिता येत नाही. लिहायला बसलात तर उलट तेच घोळवत बसाल. त्यासाठी दिवसा, शक्यतो संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, 15 मिनिटं ठरवून द्यावीत. एकाच जागी बसून तेवढा वेळ हवी तेवढी काळजी करायची, जमलं तर कुणाशी तरी बोलून. रात्री ती आली की तिलाही तेच उत्तर: उद्या पाचला. काळजीला ठरलेली वेळ देण्याचा हा प्रकार 1980 च्या दशकापासून तपासला गेलेला आहे.

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही आणि असं तीन महिने चाललं आहे, तर त्याला वैद्यकात निद्रानाश म्हणतात आणि वही-पेनने तो जात नाही. त्याच्याही आधी, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखे विचार रात्री येऊ लागले तर वाट बघू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी नंबर कुठल्याही वेळी लागतो, पैसे पडत नाहीत. प्रत्यक्ष डॉक्टर हवे असतील तर बेळगावहून धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था जवळ आहे.

परीक्षेच्या आदल्या रात्री वरचा क्रम जसाच्या तसा करू नये. त्या रात्री उरलेल्या धड्यांची शिल्लक काढली तर ती पुढे ओढायला दिवसच नसतो. आठ वाजताच मिटवावं, आणि पानावर अभ्यासाचं काहीही न लिहिता एवढंच लिहावं: हॉल तिकीट आणि ओळखपत्र दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, दोन पेनं चालवून बघितली, 7:20 ची बस, ती चुकली तर काकांची गाडी, काकांना सांगून ठेवलंय.